हाताचा रंग नको, बाहीचा रंग बघा

खामगावात लग्नसराई लागली की घड्याळाच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर येतं. "ह्या रंगावर काळं डायल नाही खुलत भाऊ, पांढरं घ्या, हात उजळ दिसते." समोर सावळा मुलगा असतो, सोबत मामा नाहीतर काका असतात, तेही मान डोलावतात आणि मुलगा मनात भरलेलं घड्याळ मुकाट्याने परत ठेवतो. हा सल्ला अपमानकारक आहे, कारण त्यात सावळा हात ही झाकायची गोष्ट ठरते. शिवाय तो साफ चुकीचा आहे, आणि ही चूक रंगाच्या साध्या नियमाने सिद्ध होते.

पॅरिसच्या गोबलँ ह्या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेला शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ. तिथला काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपास केला तेव्हा रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्याच्या रंगामुळे तो काळा फिका भासत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांतला फरक वाढवून दाखवतात, हा नियम त्याने 1839 साली पुस्तकातून मांडला. तो मनगटाला लावून पाहा. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेजवळ पांढरीशुभ्र तबकडी आली की त्वचा उजळत नाही, उलट अधिक गडद दिसते. ते दृश्य सुंदर असतं, सावळ्या हातावर पांढरी तबकडी ठसठशीत दिसते. पण 'हात उजळ दिसते' म्हणून पांढरं गळ्यात मारणारा माणूस नियमाच्या नेमकं उलट बोलतो आहे.

मुळात तबकडी त्वचेला टेकतच नाही. तबकडीभोवती धातूची केस असते आणि केसच्या दोन्ही बाजूंना पट्टा. त्वचेला भिडतात त्या ह्या दोन गोष्टी. म्हणून त्वचेच्या रंगाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो केस आणि पट्ट्यापुरता विचारा. त्वचेत पिवळसर झाक असेल तर सोनेरी केस तिच्याशी मिळून जाते, स्टील मात्र कोणत्याही हातावर चालतं. शिरा निळ्या की हिरव्या ते पाहून झाक ठरवायची युक्ती सांगणारे बरेच आहेत. गडद त्वचेवर शिरा धड दिसतच नाहीत, तिथे ही युक्ती काय कामाची? पट्ट्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. तपकिरी पट्टा नेमका त्वचेच्याच छटेचा असला की तो हातात विरून जातो आणि केस एकटीच तरंगल्यासारखी दिसते. पट्टा त्वचेपेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिका हवा.

तबकडीची गाठ पडते ती बाहीशी, आणि त्याआधी स्वतःच्या काट्यांशी. पांढऱ्या तबकडीवर चकचकीत चंदेरी काटे हा दुकानात सर्वांत देखणा आणि वापरायला सर्वांत वाईट प्रकार. भर दुपारी रस्त्यावर पाहिलं की काटे आणि तबकडी दोन्ही एकसारखी चमकतात आणि किती वाजले ते कळत नाही. पांढरी तबकडी घ्यायची तर काटे काळे किंवा गडद निळे पाहून घ्या. काळ्या तबकडीवर पांढरे काटे मात्र एका नजरेत वाचता येतात. विमानातली मोजमापाची उपकरणं काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या खुणांची असत, ती ह्याच कारणाने. एचएमटीचं काळ्या तबकडीचं 'पायलट' तर भारतातल्या हरतऱ्हेच्या हातांनी मिरवलं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. एकाच मापाच्या दोन घड्याळांत पांढरी तबकडी मोठी भासते आणि काळी लहान. बारीक मनगटाच्या मुलाला 42 मिलिमीटरचं पांढरं घड्याळ बांधणारा दुकानदार त्याच्या हातावर ताटली ठेवतो.

निळ्या आणि हिरव्यात फसवणूक होते ती उजेडाची. बऱ्याच निळ्या तबकड्यांवर मध्यापासून कडेपर्यंत बारीक किरणांसारख्या रेषा घासलेल्या असतात आणि त्यांवर पारदर्शक रंगाचा थर असतो. काउंटरवरच्या झोतात त्या मोरपंखी चमकतात, घरच्या ट्यूबलाइटखाली जवळजवळ काळ्या दिसतात. हे घड्याळ वाईट नसतं, पण आपण काय घेतो आहोत ते घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे. दिवसभर एकच निळा हवा असेल तर चमक नसलेली, मॅट तबकडी मागा. कापसाची प्रत ठरवताना ह्या गावातला व्यापारी बोंड उजेडात नेऊन बघतो. हजारो रुपयांचं घड्याळ मात्र आपण दिव्याच्या झोतात पसंत करतो, ह्याला काय म्हणावं?

नुकतंच माझ्या भाच्यासाठी घड्याळ घ्यायचं होतं. रंग सावळा, मनगट बारीक, नोकरी बँकेत. कपाटात पांढरे, क्रीम, आकाशी आणि राखाडी शर्ट, पँट काळ्या आणि तपकिरी. दुकानात त्याला सोनेरी केसचं पांढरं दाखवलं आणि वरचं वाक्यही ऐकवलं. आम्ही चार रंगांची घड्याळं मागितली आणि एकेक हातावर बांधून, दुकानदाराला सांगून, पायरीबाहेर उन्हात पाहिली. पांढऱ्याचे चंदेरी काटे उन्हात हरवले, ते बाद. काळं स्वच्छ वाचता येत होतं आणि सगळ्या शर्टांवर चालणारं होतं. निळं आकाशी बाहीजवळही छान दिसलं, कारण ते शर्टापेक्षा पुष्कळ गडद होतं. तबकडी शर्टाच्याच छटेची असती तर दोन्ही मळकट दिसली असती. पण ते किरणवालं होतं, आत सावलीत नेताच काळं पडलं. हिरवं होतं बाटलीच्या रंगाचं, मॅट, पांढऱ्या काट्यांचं. क्रीम, पांढरा, राखाडी आणि तपकिरी ह्या चौघांशी ते जमलं. त्याचं भांडण होतं ते फक्त लग्नातल्या पोपटी कुर्त्याशी, कारण दोन वेगळे हिरवे शेजारी आले की एक तरी खोटा वाटतो. तो कुर्ता वर्षातून एकदा निघतो. भाच्याने 38 मिलिमीटरचं हिरवं घेतलं, स्टीलच्या केसमध्ये, त्वचेपेक्षा गडद तपकिरी पट्ट्यावर. ह्या सगळ्या निवडीत त्वचेचा रंग एकदाच कामाला आला, तो पट्टा ठरवताना.

एकच घड्याळ परवडत असेल तर काळं किंवा गडद काट्यांचं पांढरं घ्या, ती दोन्ही कुठल्याही कपड्याशी भांडत नाहीत. निळं-हिरवं घेताना नेहमीचे शर्ट डोळ्यांसमोर आणा, जमलं तर अंगावर घालूनच दुकानात जा. आणि कोणी "ह्या रंगावर हे खुलत नाही" म्हणालं, तर तिथल्या तिथे विचारा, कोणत्या शर्टाशी? ह्याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला रंगातलं काही कळत नाही. त्याला फक्त गोरेपणाचं कळतं, आणि त्याच्या त्या हट्टासाठी आपल्या पोरांनी नावडतं घड्याळ वर्षानुवर्षं का बांधावं?