हरवलं कुठे, कळलं कुठे

आलापल्लीहून चंद्रपूरला जाताना एसटीत मोबाइल हरवला, तर ऑनलाइन तक्रारीत ठिकाण कोणतं लिहाल? उतरल्यावर कळलं म्हणून चंद्रपूर लिहू नका. शेवटचा फोन आलापल्लीच्या स्टँडवरून केला आणि वाटेत आष्टीला खिसा रिकामा लागला, तर ‘आलापल्ली ते आष्टी, एसटी प्रवासात’ लिहा. तारीखही फोन हरवल्या दिवसाची, अर्ज भरल्याची नव्हे. खोक्यावरचा १५ अंकी आयएमईआय उतरवा. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. खिसा कापला असेल तर मात्र ऑनलाइन तक्रारीची पावती पुरत नाही, ठाणंच गाठा. फोन ceir.gov.in वर बंद करता येतो, पण ओटीपीसाठी आधी त्याच नंबरचं नवं सिम घ्या. त्यावर एसएमएस यायला २४ तास लागतात.