सूर्यास्तापूर्वीचा दुसरा डबा

खामगावच्या बाजारपेठेत किराण्याचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील मुलगा रोज एसटीने शेगावला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी जातो, असे उदाहरण घेऊ. वय १९, उंची १७० सेंटिमीटर. जूनमध्ये त्याचे वजन ५२ किलो होते, डिसेंबरअखेर ते ५० वर आले. आजी म्हणते, ‘‘आपल्या घराण्याची अंगकाठीच अशी.’’ आई पोळीवर तूप वाढवते. मित्र प्रथिनांच्या भुकटीचा डबा सुचवतात. परंतु ते दोन किलो कोठे गेले, हे कोणी पाहत नाही. दुकानात तूट आली की आधी वही उघडली जाते. येथेही तेच करावयास हवे.

उंचीच्या मानाने वजन पाहण्याची रीत सोपी आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की येणारा आकडा म्हणजे बीएमआय. या मुलाचा बीएमआय १७.३ येतो. १८.५ च्या खाली तो वजनाने कमी समजला जातो. म्हणजे त्याला निदान साडेत्रेपन्न किलोपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. वजन अकारण घटत असेल, किंवा सोबत ताप, रेंगाळणारा खोकला, वारंवार लघवी, जुलाब वा छातीत धडधड असेल, तर आहाराचा विचार नंतर आणि डॉक्टरांकडे जाणे आधी. मुलाला खाण्याचीच भीती वाटत असेल वा तो ताट चुकवीत असेल, तरीही हेच लागू. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडबरोबर बी-१२ जीवनसत्त्वही पाहून घ्यावे; शाकाहारात ते जवळजवळ केवळ दुधातूनच मिळते आणि दूध कमी घेणाऱ्या घरांत त्याची उणीव पुष्कळदा आढळते. या मुलाच्या तपासण्या ठीक निघाल्या, असे धरून पुढे जाऊ.

घरच्यांनी तीन दिवस त्याचे खाणे तंतोतंत लिहून काढले. सुट्टीच्या दिवशी तो सुमारे २२०० उष्मांक घेत होता. त्याच्या शरीरास वजन जैसे थे राखण्यासाठी साधारण तेवढेच लागतात. कॉलेजच्या दिवशी मात्र आकडा १७०० वर अडकत होता. कारण घड्याळात होते. घरात चौविहार पाळला जातो. जूनअखेर बुलढाणा जिल्ह्यात सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा सहाला घरी आलेल्या मुलाला निवांत जेवता येत असे. डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. बस खामगावला येईपर्यंत जेवणाची वेळ संपलेली असे. सकाळी नवकारशीनंतर घाईत चहा व दोन खाकरे, दुपारी एकच डबा, आणि मग थेट दुसरा दिवस! रोज ५०० उष्मांकांची तूट आठवड्यातील पाच-सहा दिवस पडली, तर सहा-सात आठवड्यांत सुमारे दोन किलो उतरतात. वही जुळली. दोष अंगकाठीचा नव्हता, नियमाचाही नव्हता. एक जेवण वेळेबाहेर पडले होते, एवढेच.

म्हणून पहिला उपाय तुपाचा नव्हे, दुसऱ्या डब्याचा. दुपारी साडेचारच्या सुटीत हा डबा कॉलेजातच उघडावयाचा. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका भोजन आटोपण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांनाही ही वेळ चालते. त्यात १०५ ग्रॅम कणकेचे तीन पराठे, दोन चमचे तूप आणि ६० ग्रॅम पनीरची कोरडी भाजी. हे सुमारे ६०० उष्मांक होतात. तूट भरून निघते. पहिले दोन आठवडे एवढाच बदल करावा. पोटास सवय होते आणि वजन घसरणे थांबले की हिशोब बरोबर असल्याची खात्री पटते. घसरण थांबली नाही, तर लिहिण्यात काही सुटले आहे किंवा डॉक्टरांना पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे.

यापुढे वाढीचा टप्पा. ज्याला हल्ली ‘मॅक्रो’ म्हणतात, ती प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके यांची वाटणी होय. गरजेच्या २२०० वर रोज ४०० उष्मांक अधिक, म्हणजे एकूण २६००. सर्वसाधारण प्रौढासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. स्नायू वाढवावयाचे असता १.६ ग्रॅमचे माप धरतात. ५० किलोस ते ८० ग्रॅम होते. स्निग्ध पदार्थ ९० ग्रॅम, आणि उरलेली जागा ३७० ग्रॅम कर्बोदकांची.

हे आकडे ताटात असे उतरतात. नवकारशीनंतर चहा-खाकऱ्याऐवजी ६० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटलेली धिरडी, दोन चमचे तेलात. सोबत पाव लिटर म्हशीचे तापवलेले दूध, थोडी साखर घालून. दुपारी साडेअकराला पहिल्या डब्यात चार पोळ्या, दोन चमचे तूप, दोडका, भेंडी किंवा दुधीची भाजी, ४० ग्रॅम कोरड्या तुरीचे घट्ट वरण आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात. दोनच्या सुमारास ४० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, २० ग्रॅम गूळ व दोन केळी. साडेचारला दुसरा डबा. चारही वेळा मिळून २६०० उष्मांक आणि ८० ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने भरतात. यात कांदा, लसूण, बटाटा यांची कोठेही गरज पडत नाही, आणि महागड्या भुकटीचीही नाही.

दोन गोष्टी येथे मुद्दाम सांभाळल्या आहेत. पहिली द्विदलाची. प्रथिने वाढवा म्हटले की बाहेरचा सल्लागार डाळीबरोबर दही-ताक सुचवतो. न तापवलेले दही कडधान्यासोबत न घेणाऱ्या घरांत तो सल्ला पहिल्याच दिवशी गळून पडतो. म्हणून डाळी सकाळी व दुपारी, आणि पनीर वेगळ्या जेवणात, बेसन नसलेल्या पराठ्यांबरोबर. दही घ्यावयाचे झाले तर तेही याच जेवणात. दुसरी गोष्ट वरणाच्या घट्टपणाची. पातळ वरणाच्या वाटीत कित्येकदा १५ ग्रॅमदेखील डाळ नसते. वाटी भरलेली दिसते, प्रथिने मात्र पाण्यात विरलेली असतात. डाळ वाटीने नव्हे, कोरडी असताना काट्यावर मोजावी.

आता प्रश्न उरतो तो आधिक्य ४०० चेच का, हजाराचे का नको, याचा. त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय देह वरून सडसडीत दिसला तरी त्यात स्नायू कमी व चरबी अधिक असू शकते, आणि पुढे मधुमेहाचा धोका त्यातूनच वाढतो. कृश मुलाला मिठाई-फरसाणाने भरले तर काटा वर जातो, पण वाढते ते पोट. शरीर एका आठवड्यात मर्यादितच स्नायू बांधू शकते. त्यापलीकडचे सारे चरबीत जमा होते.

स्नायू बांधण्यास कारणही लागते. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, दंड, बैठका आणि वजन उचलण्याचा व्यायाम अर्धा-पाऊण तास करावा. दर आठवड्यास संख्या वा वजन थोडे वाढले पाहिजे. महिनाभर तेच वीस दंड राहिले, तर शरीरास नवे बांधण्याचे प्रयोजन उरत नाही. संध्याकाळनंतर अन्न घेता येत नसल्याने हा व्यायाम सकाळी, न्याहारीपूर्वी ठेवणे सोयीचे.

परिणाम मोजण्यासाठी आठवड्यातून तीनदा सकाळी, शौचानंतर व काही घेण्यापूर्वी, त्याच कपड्यांत वजन करावे आणि तिन्हींची सरासरी लिहावी. ‘वाढ’ सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा-एक किलो एकदम चढतो. ते बहुतांशी पाणी व पोटातील अन्न असते, त्याने हुरळू नये. त्यानंतर आठवड्यास पाव ते साडेतीनशे ग्रॅम ही योग्य गती. लागोपाठ दोन आठवडे २०० ग्रॅमहून कमी वाढ झाली, तर एक तुपाची पोळी व एक केळे वाढवावे. अर्ध्या किलोहून अधिक होऊ लागली, तर तेवढेच कमी करावे. बेंबीच्या रेषेत कमरेचे मापही दर पंधरवड्यास घ्यावे. वजनापेक्षा कंबरच भराभर वाढत असेल, तर व्यायाम कमी पडत आहे. पोट फुगणे वा गॅस होत असेल, तर डाळ एकदम न वाढवता आठवडाभरात वाढवावी, आणि जेवणाआधीचा चहा बंद करावा. तो भूक मारतो.

राहता राहिला उपवासाचा हिशोब. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य असली तरी बिघडत नाही. डाळी, दूध, तूप, शेंगदाणे राहतातच. परंतु रोजचे ४०० म्हणजे आठवड्याचे २८०० उष्मांक, आणि एका पूर्ण उपवासाने त्या दिवसाचे २६०० जातात. दर आठवड्यास एक उपवास केला, तर संपूर्ण आठवड्याची वाढ जवळपास तेथेच संपते. मुलगा व्रत करू इच्छित असेल, तर हा आकडा समोर ठेवून घरच्यांनी गुरुमहाराजांशी बोलावे आणि वजन साडेत्रेपन्नावर येईपर्यंत त्याच्या शक्तीस अनुरूप असा दुसरा नियम मागून घ्यावा. शक्तीनुसार तप, हे तर परंपरेनेच सांगितले आहे.

या गतीने चालल्यास जानेवारीच्या मध्यास वाढीला आरंभ करणारा मुलगा एप्रिलच्या सुमारास साडेत्रेपन्न किलोवर येतो. तोवर दिवस मोठा झालेला असतो, सूर्यास्त पावणेसातकडे सरकलेला असतो, आणि संध्याकाळचे जेवण पुन्हा घरच्या पाटावर होऊ शकते. मात्र पुढच्या दिवाळीनंतर दिवस आखडू लागला की दुसरा डबा पुन्हा पिशवीत ठेवावयाचा, हे आईने आणि मुलाने विसरू नये.