शेवटची दहा मिनिटं जादाची नाहीत

वसई-विरारमधल्या दहावीच्या मुलांनो, आणि त्यांना सकाळी रिक्षाने केंद्रावर सोडायला येणाऱ्या आईबाबांनो, बोर्डाच्या पेपराला शेवटी जी १० मिनिटं मिळतात त्याबद्दल घरोघरी एक गैरसमज आहे. पूर्वी प्रश्नपत्रिका वेळेच्या १० मिनिटं आधी हातात पडायची. ती वाचायची, काय सोडवायचं ते ठरवायचं आणि ११ वाजता पेन उचलायचं. २०२३ च्या परीक्षेपासून मंडळाने ही पद्धत बंद केली आणि ती १० मिनिटं पेपराच्या शेवटी जोडली. म्हणून बीजगणिताचा दोन तासांचा पेपर आता ११ ते १:१० असा चालतो. मुलं म्हणतात, “सर, दहा मिनिटं जास्त आहेत.” जास्त काही नाहीत. वाचायला लागणारा वेळ आता तुमच्या लिहिण्याच्या वेळेतून जातो, तो फक्त शेवटी परत दिलाय. पेपर वाचण्यात सहा मिनिटं गेली, तर उरली चारच.

मी बीजगणिताचाच पेपर धरून बोलतो, कारण वेळेच्या हिशेबात मुलं सगळ्यात जास्त तिथेच फसतात. पेपर ४० गुणांचा, हातात १३० मिनिटं. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा. त्यात पाचपैकी चार उदाहरणं सोडवायची असतात आणि चौकटी भरायच्या दोन कृती असतात. तिसरा ९ गुणांचा, एक कृती आणि चारपैकी दोन उदाहरणं. चौथ्यात तीनपैकी दोन, प्रत्येकी ४ गुण. पाचव्यात दोनपैकी एक, ३ गुण.

१३० ला ४० ने भागलं की गुणामागे सव्वातीन मिनिटं येतात. हा आकडा ऐकून मुलं निर्धास्त होतात. घात इथेच होतो, कारण एका गुणाच्या प्रश्नाला सव्वातीन मिनिटं लागता कामा नयेत आणि चार गुणांच्या शाब्दिक उदाहरणाला तेरा मिनिटं पुरतीलच असं नाही. म्हणून गुणामागे मिनिटं मोजू नका. घड्याळातल्या पाच वेळा पाठ करा. आपल्या भागात लोकलचं वेळापत्रक पाठ नसलेला माणूस विरळाच, त्यामुळे हे जड जाऊ नये.

११ ला पेपर हातात आला की पाच मिनिटं नुसता वाचा. मात्र सगळा सारख्या बारकाईने वाचायची गरज नाही. पहिला प्रश्न आत्ता वाचून काही मिळत नाही. वाचायचे ते चौथा, पाचवा आणि तिसऱ्यातली चार उदाहरणं, कारण निवड तिथे आहे. कोणतं घ्यायचं त्यावर मनातल्या मनात खूण करा, प्रश्नपत्रिकेवर काही लिहू नका. मग पहिला प्रश्न ११:२० ला संपला पाहिजे. दुसरा ११:५० ला. तिसरा १२:१५ ला. चौथा १२:४५ ला, म्हणजे दोन उदाहरणांना पंधरा-पंधरा मिनिटं. पाचवा १२:५५ ला. पुढची १५ मिनिटं राखीव. ही मिनिटं आपण स्वतः बाजूला काढलेली आहेत. १२:५५ पर्यंत ती नाहीतच असं समजून चालायचं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नालासोपाऱ्याच्या एका मुलीला मी जुनी प्रश्नपत्रिका देऊन बसवलं आणि प्रत्येक प्रश्न संपला की समासात वेळ लिहायला सांगितली. गणित तिला चांगलं येतं. तरी सात गुणांचं सुटलं. समासातल्या वेळा पाहिल्यावर का ते कळलं. पेपर वाचून झाला ११:०७ ला. पहिला प्रश्न ११:२९ ला, दुसरा १२:१२ ला, तिसरा १२:४० ला. चौथ्यातलं पहिलंच उदाहरण १:०६ पर्यंत चाललं आणि उरलेल्या चार मिनिटांत पाचव्याच्या दोनच ओळी झाल्या. चौथ्यातलं दुसरं चार गुणांचं आणि पाचवा तीन गुणांचा, दोन्ही तिला येत होते.

तिचं म्हणणं होतं की चौथ्या प्रश्नाने घात केला. समास वेगळंच सांगत होता. १२:४० ला ती मुळातच पंचवीस मिनिटं मागे होती. त्यातली तेरा मिनिटं एकट्या दुसऱ्या प्रश्नात गेली होती. प्रत्येक उदाहरणाचा प्रश्न ती आधी उत्तरपत्रिकेत उतरवून काढत होती आणि चौकटींच्या कृती पट्टीने आखत होती. प्रश्न उतरवण्याला गुण नाहीत. प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्न बरोबर लिहिला की झालं. कृती लिहिताना ओळी पूर्ण लिहा, पण चौकट हाताने काढलेली चालते.

मग चौथ्यात ती २६ मिनिटं का अडकली? शाब्दिक उदाहरणातून समीकरणं बरोबर मांडली होती: 2x + 3y = 16 आणि 5x − 2y = 2. पहिल्याला दोनने, दुसऱ्याला तीनने गुणून 4x + 6y = 32 आणि 15x − 6y = 6 हेही बरोबर. इथे बेरीज करायची, तिने वजाबाकी केली आणि तरीही y गेला असं धरलं. त्यामुळे 19x = 38 च्या जागी −11x = 26 आलं. वह्यांच्या संख्येचं उत्तर ऋण अपूर्णांकात आल्यावर ती गोंधळली आणि समीकरणं पुन्हा मांडू लागली. दोनदा. चूक मांडणीत नव्हतीच, एका चिन्हात होती.

असं विचित्र उत्तर आलं की थांबा. वह्या, वय, लांबी ऋण येत नाही. फक्त शेवटच्या तीन ओळी वर जाऊन तपासा, त्यासाठी दोन मिनिटं पुष्कळ झाली. तेवढ्यात सापडलं नाही तर अर्धं पान कोरं सोडून पुढच्या उदाहरणाला लागा. पंधरा मिनिटं भरली की पान उलटायचंच, उत्तर हाताशी आलंय असं कितीही वाटलं तरी. बीजगणितात पायऱ्यांना गुण असतात, अर्ध्या-अर्ध्याने. समीकरणं बरोबर मांडलेली असतील तर त्यांचे गुण आधीच तुमच्या खात्यात आहेत. शेवटच्या एका गुणासाठी पुढचे सात गुण पणाला लावायचे नाहीत.

आलेखाच्या उदाहरणाबद्दल एक वेगळी सूचना. अक्ष, प्रमाण, बिंदूंचा तक्ता, दोन रेषा, छेदनबिंदू, एवढं सगळं पंधरा मिनिटांत बसवण्याचा सराव असेल तरच ते निवडा. घरी घड्याळ लावून किमान तीनदा करून पाहिलेलं नसेल, तर चौथ्या प्रश्नात ते सोडून बाकीची दोन घेणं शहाणपणाचं.

आता राखीव १५ मिनिटांचं काय करायचं? बहुतेक मुलं पहिल्या पानापासून वाचत सुटतात. त्याने हाती फारसं लागत नाही, कारण आपण लिहिलेलं वाचताना डोळा आपलीच चूक गोड मानून घेतो. शिवाय प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेप्रमाणे बहुपर्यायी प्रश्नांत फक्त पहिल्या प्रयत्नातलं उत्तर धरलं जातं. म्हणजे शेवटी परत जाऊन ब खोडून क लिहिला तर त्याचा उपयोग नाही. त्या चार प्रश्नांची तपासणी लिहिण्याआधीच करायची. बाजूला कच्चं काम करून मगच पर्याय लिहायचा. शेवटची मिनिटं तिकडे अजिबात वळवू नका.

पहिली दोन मिनिटं पुरवण्यांना द्या. सगळ्या क्रमाने आहेत का, आलेख कागद लावला का, पुरवण्यांची संख्या मुख्य उत्तरपत्रिकेवर लिहिली का. हे शेवटच्या घंटेवर ढकलू नका, पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करत फिरू लागले की हात थरथरतात आणि दोऱ्याची गाठ बसत नाही. त्यानंतर कोऱ्या सोडलेल्या अर्ध्या पानाकडे जा आणि पाच-सहा मिनिटं त्या अडलेल्या उदाहरणाला द्या. मधे दुसरं काम करून आल्यामुळे चुकलेलं चिन्ह पुष्कळदा पटकन दिसतं.

उरलेल्या सात-आठ मिनिटांत उत्तरं नुसती वाचू नका, उलटी पडताळून पाहा. वर्गसमीकरणाची मुळं मूळ समीकरणात घाला. एकसामयिक समीकरणांत x = 2, y = 4 आलं असेल तर 4 + 12 = 16 आणि 10 − 8 = 2, झालं, अर्धं मिनिटही लागत नाही. ही किंमत नेहमी पहिल्या ओळीतल्या समीकरणात घालायची. मधल्या ओळीत घातली तर त्याआधी झालेली चूक तशीच लपून राहते. संभाव्यता १ पेक्षा जास्त आली असेल तर नमुना अवकाशाचे घटक पुन्हा मोजा. सांख्यिकीत मध्यक हा मध्यकीय वर्गाच्या आतच असतो. वर्ग ४०–६० असेल आणि उत्तर ६७ आलं असेल, तर बहुधा संचित वारंवारता घेताना आधीच्या वर्गाची घ्यायची ती त्याच्याही आधीच्या वर्गाची घेतली किंवा वर्गांतर चुकलं. जीएसटीच्या उदाहरणात केंद्राचा आणि राज्याचा कर सारखाच आला पाहिजे. चूक सापडली की एका आडव्या रेघेने खोडा आणि शेजारी लिहा. पानभर गिरवत बसलात तर मिनिट त्यातच जाईल.

भाषेच्या पेपराला वेगळी काळजी घ्या. मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात २४ गुणांचं उपयोजित लेखन सगळ्यात शेवटी असतं. वेळ ११ ते २:१०. तिथे एकच वेळ लक्षात ठेवा. १ वाजता आधीचं काहीही अर्धं असलं तरी उपयोजित लेखनाचं पान उघडायचं. २ वाजेपर्यंत ते संपवायचं आणि मग मागचं अर्धं राहिलेलं पुरं करायचं. व्याकरणाचे एकेका गुणाचे प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत भरता येतात, निबंध भरता येत नाही.

सरावाचं सांगतो. पुढचे चार रविवार ११ ते १:१० मोकळे ठेवा. जुनी प्रश्नपत्रिका, कोरे कागद, काट्यांचं साधं मनगटी घड्याळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत, कारण परीक्षेच्या खोलीत तो नसतो आणि स्मार्टवॉचही चालत नाही. आईबाबांनी त्या वेळात चहा-सरबत विचारायला आत जाऊ नये, पण १२:५५ ला दारातून एकदा डोकावून पाहावं की मूल अजून पाचव्या प्रश्नावर आहे की पुरवण्या लावतंय. पेपर झाल्यावर गुण विचारायच्या आधी समासातल्या वेळा बघा. नालासोपाऱ्याच्या त्या मुलीचा दुसऱ्या रविवारी पाचवा प्रश्न १२:५८ ला संपला. उरलेल्या बारा मिनिटांत तिने वर्गसमीकरणाच्या एका मुळाचं चिन्ह सुधारलं. चौथ्यातलं एक उदाहरण मात्र तसंच अर्धं राहिलं. तिसऱ्या रविवारी आम्ही फक्त दुसऱ्या प्रश्नावर काम करणार आहोत, तो अजून ११:५० ऐवजी ११:५६ ला संपतोय.