‘टाक दुसरीकडे’

पेपर जर्नलकडून परत आला, सोबत दोन पानांचा जहाल रिव्ह्यू आला, की मित्रमंडळींकडून पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘टाक दुसरीकडे.’ मी संख्याशास्त्र शिकवतो आणि मीरा रोडला राहतो. तासिका तत्त्वावर शिकवणारे, पीएचडी करणारे असे बरेच जण आपापले रिव्ह्यू घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांना हा सल्ला आधीच मिळालेला असतो, आणि तो प्रेमानेच दिलेला असतो. पण माझं म्हणणं असं की रिव्ह्यू नीट न वाचता दिलेला हा सल्ला संशोधकाचं एक वर्ष खातो.

एक उदाहरण रचून सांगतो. त्यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या खऱ्या पेपरात मी पाहिलेला आहे.

भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनला बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले तुम्ही पाहिले असतील. ताज्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं, त्यामुळे ते किती आणि कसं निघतं हा खरा प्रश्न आहे. धरा, एका प्राध्यापिकेने दोन वलांड्या घेतल्या. एक नेहमीसारखी उघडी, दुसरीवर पारदर्शक प्लास्टिकचं छत. तीन दिवसांनी प्रत्येकीवरचे ४० बोंबील उचलून त्यांतलं पाणी मोजलं. छताखालचे जास्त सुकलेले निघाले. ८० मासे, फरक स्पष्ट, पेपर तयार.

दुसरा रिव्ह्युअर लिहितो: ‘तुमचे नमुने ८० नाहीत, दोन आहेत.’ पुढे आणखी चार तिखट वाक्यं, इंग्रजीवर एक टोमणा, आणि शेवटी ‘या स्वरूपात प्रकाशनयोग्य नाही’.

टोमणा सोडून द्या. ते पहिलं वाक्य मात्र पेपरच्या मुळाशी जातं. छत वलांडीवर घातलं होतं, एकेका माशावर नाही. एका वलांडीवरच्या ४० माशांना एकच वारा, एकच ऊन, एकच जागा मिळाली. छताची वलांडी समुद्राच्या वाऱ्यात असेल आणि दुसरी घराच्या आडोशाला, तर फरक छताने पडला की जागेने? ४० ऐवजी ४०० मासे मोजले तरी हे कळणार नाही. संख्याशास्त्रातली कुठलीही चाचणी ते वेगळं करून देणार नाही, कारण ती माहिती गोळाच केलेली नाही. या दोषाला आमच्याकडे ‘आभासी पुनरावृत्ती’ म्हणतात. मोजमापं वाढतात, पण प्रयोग एकदाच झालेला असतो.

इथे मी एकच प्रश्न विचारतो: माझ्या वहीत आत्ता जे आकडे आहेत, तेवढ्यावर या आक्षेपाला उत्तर देता येतं का? सुधारायचं, दुसरीकडे पाठवायचं की मुळापासून पुन्हा करायचं, याचा निर्णय या प्रश्नावर ठरतो. रिव्ह्यूच्या तिखटपणावर तो ठरत नाही.

गंमत अशी की त्याच आक्षेपावर उत्तर दोन्ही प्रकारचं येऊ शकतं. समजा वही उघडल्यावर दिसलं, की बाईंनी हा प्रयोग वेगवेगळ्या आठवड्यांत सहा वेळा केला होता, दर वेळी छत या वलांडीवरून त्या वलांडीवर हलवलं होतं, आणि पेपर लिहिताना सगळे आकडे एकत्र ओतून सरासरी काढली होती. मग प्रयोग ठीकच होता, हिशोब तेवढा चुकला. प्रत्येक आठवड्याचा छताखालचा आणि उघड्यावरचा फरक काढायचा, सहा फरक मिळतात, त्या सहांवर निष्कर्ष बांधायचा. तो आधीच्या इतका दणदणीत दिसणार नाही, पण खरा असेल. हे काम पंधरा दिवसांचं आहे, आणि संपादकाने दार बंद केलेलं नसेल तर त्याच जर्नलला सुधारून पाठवावं.

आणि वहीत एकच खेप असेल, तर सुधारणा नावाची गोष्टच शिल्लक नाही. प्रस्तावना लांबवा, पंधरा संदर्भ घाला, इंग्रजी तपासून घ्या, नमुने दोनच राहतात. असा पेपर दुसरीकडे टाकला तर दोष त्याच्याबरोबर जातो. शिवाय बोंबील सुकवण्यावर लिहिणारे लोक देशात किती? दुसरा संपादक परीक्षक शोधायला निघतो तेव्हा पुन्हा त्याच माणसाच्या दारात पोचण्याची शक्यता चांगलीच असते. आपण दोन महिने खपून लिहिलेला रिव्ह्यू वाचलाच गेला नाही, हे त्याला पहिल्या पानावर कळतं.

दुसरीकडे पाठवणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. १९६४ साली पीटर हिग्ज यांचा पेपर ‘फिजिक्स लेटर्स’ने नाकारला. त्यांनी तो दुसऱ्या जर्नलला, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ला पाठवला, पण जसाच्या तसा नाही. सिद्धांताचा प्रत्यक्षात काय परिणाम दिसेल हे सांगणारा मजकूर त्यात घातला, आणि आज ज्याला हिग्ज बोसॉन म्हणतात त्या कणाचा उल्लेख त्या वाढीव मजकुरात आला. आक्षेप दोष दाखवत नसून ‘हे आमच्या वाचकांचं नाही’ किंवा ‘याचं महत्त्व कळलं नाही’ असा असेल, तर जर्नल बदलणं योग्यच.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्या घरचं आहे, आणि ते सांगताना मला वाईट वाटतं. दामोदर धर्मानंद कोसंबी, मूळचे गोव्याचे, टाटा इन्स्टिट्यूटमधले गणिती. जनुकशास्त्रात आजही वापरलं जाणारं १९४४ सालचं ‘कोसंबी मॅप फंक्शन’ त्यांचंच. १९५९ साली त्यांनी रीमान गृहीतकाच्या सिद्धतेचा दावा करणारा पेपर छापला, तो भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या जर्नलमध्ये. शेतीच्या आकडेवारीच्या जर्नलकडे मूळ संख्यांचे जाणकार परीक्षक कुठून असणार? पेपर छापून आला, दावा टिकला नाही. कठोर परीक्षकाचं काम मग अख्ख्या गणितविश्वाने उघड्यावर केलं. एवढ्या मोठ्या माणसाला हे चुकलं नाही, तिथे ‘सौम्य’ जर्नल शोधणाऱ्या आपली काय कथा!

आणि आपल्याकडची सौम्य जर्नलं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. पैसे भरा, आठवड्यात स्वीकृती. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. त्यांत छापलेल्यांच्या पेपरची दुसऱ्या दिवशी काय किंमत उरली असेल?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सर, तुमची नोकरी कायम आहे. आमची मुलाखत मार्चमध्ये आहे.’ हे उत्तर खोटं नाही. भरवशाची नोकरी न देता पेपर मोजणारी व्यवस्थाच लोकांना तिकडे ढकलते, आणि तिला मी एका ओळीचीही सूट देत नाही. पण मार्चसाठीसुद्धा रस्ता आहे. दावा लहान करा. ‘छतामुळे बोंबील जास्त सुकतो’ हे वाक्य काढा, ‘एका जागी, एका खेपेत आम्ही हे मोजलं’ एवढंच ठेवा, आणि छोट्या टिपणांना जागा देणाऱ्या जर्नलला द्या. तिथे दोन नमुने हा दोष राहत नाही, कारण दोनच्या पुढचा दावाच केलेला नाही. आधीच्या जर्नलकडे पेपर अजून उघडा असेल तर तो लेखी मागे घेतल्याशिवाय मात्र पाठवू नका. एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर असणं कुणी खपवून घेत नाही.

पूर्ण प्रयोग पुन्हा करायचा तर कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि पावसात वलांडीवर काही सुकत नाही. रिव्ह्यू मे महिन्यात आला असेल तर नवे आकडे पाऊस ओसरल्यावरच, आणि सुधारणेला मुदत साठ दिवसांची. अशा वेळी संपादकाला सरळ लिहावं: आक्षेप मान्य आहे, प्रत्येक प्रकारच्या सहा वलांड्या घेऊन, कुठल्या वलांडीवर छत हे चिठ्ठी टाकून ठरवून प्रयोग पुन्हा करतो आहे, उत्तनमध्ये हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, डिसेंबरअखेर पेपर देतो. मी असं पत्र लिहायला लावलं की लोक बिचकतात. संपादक बहुधा मुदत देतो, नाहीतर नवा पेपर म्हणून पाठवा म्हणतो. दोन्हींत वलांड्या बाराच लागतात.