सहकारी बँक की मोठी बँक? आधी पाच लाखांची रेघ ओढा

मंडळी, आपल्या डिंडोलीत खान्देशातून आलेल्या जवळपास प्रत्येक घरात हा विषय निघतोच. काका म्हणतात, "सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो." पोरगं म्हणतं, "सरकारी बँकेतच ठेवा." माझं मत असं की दोघंही अर्धंच बघतात.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं घ्या. तिच्या शाखा मुंबईत होत्या, तशा आपल्या सुरतेतही होत्या. १३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर बंदी घातली. दोन आठवड्यांनी प्रत्येकी २५,००० रुपये काढायची परवानगी मिळाली. ऑगस्टमध्ये बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. शेवट बरा झाला, पण मधल्या काळात कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन अडलं असेल, विचार करा.

व्यापारी बँकही अडकते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर ५०,००० ची मर्यादा आली, पण ती दोन आठवड्यांच्या आत उठली. फरक इथे आहे: मोठ्या बँकेला सावरायला इतर बँका लवकर धावतात.

ठेव विमा मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. एका बँकेत एका माणसाला सगळ्या शाखा मिळून पाच लाख, आणि त्यात व्याजही धरलं जातं. म्हणून पुरे पाच लाख ठेवू नका, साडेचार ठेवा. अर्धा टक्का जास्त म्हणजे साडेचार लाखांवर वर्षाला २,२५० रुपये. एवढ्यासाठी विम्याच्या रेघेबाहेर जायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. पतसंस्थेला तर हा विमा नसतोच. जळगावच्या बीएचआरमध्ये अडकलेल्या ठेवीदारांना विचारा.

आता कर्ज. सहकारी बँकेत कर्जदार सभासद होतो आणि शेअर घ्यावे लागतात. साधारण नियम असा की तारण असेल तर कर्जाच्या अडीच टक्के, विनातारण असेल तर पाच टक्के. तीन लाखांच्या तारणी कर्जात ७,५०० शेअरमध्ये जातात, हातात २,९२,५०० येतात, व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवर. लाभांश मिळेलच असं नाही. शेअर ही ठेव नव्हे, तिला विमा नाही. आणि बँकेचं भांडवल नियमापेक्षा कमी झालं की शेअर परत मागूनही मिळत नाहीत. म्हणजे बँक बिघडली की नेमका तेव्हाच पैसा अडकतो.

तरी छोट्या धंद्याला, पगाराची स्लिप नसलेल्या कारागिराला सहकारी बँकच ओळखीने उभं करते, हे मान्य. म्हणून माझं म्हणणं एवढंच: कर्ज तिथून घ्या, पण दर तुलना करताना शेअरची रक्कम धरा. सभासद असाल तर वार्षिक अहवाल मिळतो, त्यात 'निव्वळ एनपीए' बघा. तीन टक्क्यांच्या वर गेला असेल तर ठेव मुदत संपताच काढा.

तुमच्या घरी कसं ठेवलंय, कमेंटमध्ये सांगा.