मेलेल्याच्या खुर्चीत

आई किंवा वडील गेल्यावर घरी येणाऱ्यांपैकी काही जण पुस्तक घेऊन येतात. मराठी घरात बऱ्याचदा ते ‘श्यामची आई’ असते. अलीकडे तिच्या जोडीला दुःखातून उभारी देणाऱ्या अनुवादित कादंबऱ्याही आल्या आहेत. त्यांत कुणीतरी शहाणा म्हातारा नायकाला दीडशे पानांत मृत्यू समजावून सांगतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुस्तकांबद्दल आहे. ज्याला सोबत हवी आहे, त्याला ही पुस्तके अधिक एकटे पाडतात असे मला वाटते.

शोकात माणसाच्या मनात जे चाललेले असते, त्यातले बरेचसे सांगण्यासारखे नसते. वडील गेले त्याच दिवशी भूक लागते. भेटायला येणाऱ्यांची संख्या मनातल्या मनात मोजली जाते. दीर्घ आजारानंतरचे मरण असेल तर सुटल्यासारखे वाटते, आणि मग त्या वाटण्याची भीती वाटते. उपदेशपर कादंबरी यातले काही ठेवत नाही. तिच्यातला शोक आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आलेला असतो. वाचणाऱ्याला वाटते की असले काही फक्त आपल्याच मनात येते.

साने गुरुजींवर मला अन्याय करायचा नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक मुलांना वळण लावण्यासाठी आहे, आणि ते काम ते करते. पण त्यातल्या बहुतेक रात्री एकेक शिकवण घेऊन येतात. चाळिशीतला मुलगा नुकताच स्मशानातून आला असेल, तर त्याच्या हाती त्या शिकवणींची यादी उरते : आपण यातले काय केले नाही. त्या पुस्तकातली मला खरी सोबत वाटणारी जागा अगदी शेवटी आहे. आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो, तो पोहोचतो ते सारे संपल्यावर. तिथे शिकवण्यासारखे काही राहत नाही, आणि नेमकी तीच पाने उशिरा पोहोचलेल्या कुठल्याही मुलाची होतात.

मी ज्याच्या हाती देईन ते पुस्तक म्हणजे जेम्स एजी या अमेरिकन लेखकाची ‘अ डेथ इन द फॅमिली’. एजी १९५५ साली वारला तेव्हा ती अपुरी होती. १९५७ मध्ये ती संपादित होऊन प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळाले. एजीचे वडील तो सहा वर्षांचा असताना मोटार अपघातात गेले होते. कादंबरीतही तेच घडते. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावी राहणारा जे आपल्या आजारी वडिलांना पाहायला रात्री निघतो. आजार वाटला होता तेवढा गंभीर नसतो. परतताना गाडीच्या सुकाणूतली एक छोटी खीळ निसटते आणि तो जागीच मरतो. अंगावर खूण म्हणाल तर हनुवटीवर जराशी.

ही खीळ मला महत्त्वाची वाटते. उपदेशपर कादंबरीत मरणाला कारण लागते, कारण त्याशिवाय धडा काढता येत नाही. एजी कारण म्हणून एक लोखंडाचा तुकडा देतो आणि पुढे जातो. नंतरची कितीतरी पाने तो एकाच रात्रीवर थांबतो. अपघात झाल्याचा फोन आलेला आहे, भाऊ तिकडे गेला आहे, पण नवरा जिवंत आहे की नाही हे मेरीला ठाऊक नाही. ती चहा करते. जखमी माणसाला जिना चढवत नाही म्हणून खालच्या खोलीतला पलंग तयार करते. इस्पितळाबाहेर बसलेल्या कुणालाही ही चादर घालण्याची घाई ओळखीची वाटेल. लेखक त्यावर एक अक्षर बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वर्षांचा रूफस उठतो तो कालच घेतलेली टोपी वडिलांना दाखवायला. त्याला बातमी कळते. मग घरातच राहायला सांगितलेले असूनही तो रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि शाळेला निघालेल्या मुलांना सांगतो की माझे वडील मेले. एरवी ही मुले त्याला नावावरून चिडवतात. आज ती थांबून ऐकतात, आणि त्याला मोठे झाल्यासारखे वाटते. वडिलांच्या मरणावर मिरवणे, यापेक्षा लाजिरवाणे दुसरे काय असेल? एजी त्याला शिक्षा करत नाही, त्याच्यासाठी सबबही शोधत नाही. शरमलेला रूफस घरी येऊन वडिलांच्या खुर्चीपाशी जातो, तिचा वास घेतो, शेजारच्या राखदाणीत बोट फिरवतो आणि ते चाटतो.

काही वेळाने फादर जॅक्सन येतात आणि त्याच खुर्चीत बसतात. मुले टक लावून बघतात म्हणून त्यांना शिष्टाचार सुनावतात. मग आईशी बंद दाराआड बोलतात. मुलांना शब्द कळत नाहीत, फक्त आवाजांचे चढउतार ऐकू येतात, आणि तेवढ्यावरून कुणीतरी आईला नमवत आहे असे त्यांना वाटते. उपदेशपर कादंबरी कशी ओळखायची, असे मला विचारले तर मी हेच पान दाखवीन. जो लेखक शोक करणाऱ्याला सुधारू लागतो, तो त्या खुर्चीत बसलेला असतो. (गरुडपुराण वाचले जाते तेव्हा निदान समोरचा भटजी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. कादंबरी तो वेश लपवते.)

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो : असल्या पुस्तकांतून मिळते काय? आधार नाही, उत्तर नाही. मग जेरी पिंटोंची ‘एम अँड द बिग हूम’ घ्या. माहीमच्या छोट्याशा घरातली ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली आली आणि शांता गोखल्यांनी ती मराठीतही आणली. आई मनोरुग्ण आहे, तिने आत्महत्येचे प्रयत्न केले आहेत, आणि मुलगा वर्षानुवर्षे तिच्या मरणाच्या भीतीत जगतो. तो तिच्यावर वैतागतो, तिच्या विनोदांवर हसतो, तिला प्रश्न विचारून विचारून तिची गोष्ट गोळा करतो. आई असतानाच आई हरवण्याचे दुःख करणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची मुले हेच भोगतात. ‘तुम्ही खूप केलंत’ या वाक्याने त्यांचे काही होत नाही. वैताग आणि माया एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत लिहिलेली त्यांना वाचायला मिळाली, तर आपण राक्षस नाही एवढे कळते. याला आधार म्हणायचे की नाही ते आक्षेप घेणाऱ्याने ठरवावे.

एजीचे पुस्तक सोपे नाही, हे मान्य. संपादकांनी मधे घातलेले तिरप्या अक्षरांतले भाग स्वप्नासारखे रेंगाळतात. शोकात लक्ष टिकत नाही. ते भाग सरळ ओलांडून पुढे गेलात तरी गोष्ट तुटत नाही.

शेवटी दफनाहून परतलेला मामा अँड्र्यू रूफसला फिरायला नेतो. पेटी खाली सोडताना तिच्यावर एक फुलपाखरू येऊन बसले होते, हे तो भारावून सांगतो. आणि त्याच दमात तो फादरांवर संतापतो, कारण मेलेल्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून त्यांनी पूर्ण प्रार्थना म्हणायला नकार दिला होता. त्या संतापात रूफसची आईही येते. मामा आईचा द्वेष करतो का, हे रूफसला विचारायचे असते. तो विचारत नाही. दोघे काही न बोलता घरापर्यंत चालत येतात.