ऑफिसात बसून ऑफिसचाच सर्व्हर उघडत नसेल तर

भोसरी किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीतला तीस-चाळीस माणसांचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. हिशेब, स्टॉक आणि पगार ज्यावर चालतात तो सर्व्हर ऑफिसातच एका कपाटात ठेवला आहे. विक्रीची माणसं गावोगाव फिरताना मोबाइलवर `erp.example.com` उघडतात, ऑर्डर भरतात, काही अडत नाही. तीच माणसं ऑफिसात येऊन वायफायला जोडली गेली की मात्र पान नुसतं फिरत राहतं आणि शेवटी साइट उघडली नाही असा निरोप येतो. कपाटाच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या अकाउंटंट बाईंना जे दिसत नाही, ते कोल्हापूरच्या लॉजवर बसलेल्याला दिसतं.

यावर बहुतेक ठिकाणी जे उपाय होतात ते करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुणी प्रत्येक कॉम्प्युटरच्या hosts फाइलमध्ये पत्ता लिहून ठेवतं. मग लॅपटॉप घरी नेला की तो तिथेही ऑफिसच्याच आतला पत्ता शोधत बसतो. कुणी सगळ्यांना `https://192.168.10.20` अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं. ती उघडली की ब्राउझर लाल इशारा देतो, कारण सर्टिफिकेट नावाला दिलेलं असतं, आकड्यांना नाही. आणि आतल्या पत्त्याला जगमान्य सर्टिफिकेट कुणी देतही नाही. कर्मचारी तो इशारा ओलांडून पुढे जायला शिकतात. ती सवय एकदा लागली की खरोखरच्या फसव्या साइटसमोरही त्यांचा हात थांबत नाही. या उपायांतलं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं.

आता बिघाड नेमका कुठे आहे ते पाहू. सर्व्हरला दोन पत्ते आहेत. ऑफिसच्या आतला `192.168.10.20` आणि बाहेरच्या जगाला दिसणारा, खरं तर राऊटरचा, `203.0.113.45`. यातला पहिला खासगी पत्ता आहे. जे पत्ते फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत त्यांपैकी तो एक, म्हणून इंटरनेटवर तो कुठेच पोचत नाही. बाहेरच्या डीएनएसमध्ये `erp.example.com` या नावापुढे `203.0.113.45` लिहिलेलं असतं, आणि तेच बरोबर आहे.

अकाउंटंट बाईंचा कॉम्प्युटर, समजा `192.168.10.57`, हे नाव विचारतो आणि त्यालाही बाहेरचाच पत्ता मिळतो. तो राऊटरकडे जातो. साधे राऊटर इथेच हात वर करतात. काही राऊटर मागणी आत वळवून सर्व्हरकडे देतात, पण पाठवणाऱ्याचा पत्ता बदलत नाहीत. सर्व्हर बघतो की विचारणारा तर आपल्याच नेटवर्कमधला आहे, म्हणून तो राऊटरला वगळून थेट उत्तर देतो. बाईंचा कॉम्प्युटर `203.0.113.45` कडून उत्तराची वाट बघत असतो, आणि उत्तर येतं `192.168.10.20` कडून. अनोळखी म्हणून तो ते टाकून देतो. दोन्ही बाजू नीट वागतात आणि तरी बोलणं होत नाही. महागड्या राऊटरमध्ये यावर सोय असते, ती नॅट लूपबॅक किंवा हेअरपिन नावानं सापडते. ती चालू केली तर काम भागतं; फक्त शेजारच्या मशिनकडे जाणारा सगळा डेटा राऊटरला वळसा घालून जातो आणि सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक कर्मचारी राऊटरच्याच पत्त्यानं दिसतो.

नीटनेटका उपाय असा, की आत विचारणाऱ्याला आतला पत्ता सांगायचा आणि बाहेर विचारणाऱ्याला बाहेरचा. नाव एकच राहतं, सर्टिफिकेटही तेच चालतं. यालाच स्प्लिट-होरायझन डीएनएस म्हणतात. त्यासाठी ऑफिसात आपला एक डीएनएस लागतो. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणाऱ्या राऊटरमध्ये डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम आधीपासून असतो. इंटरनेट कंपनीनं दिलेल्या राऊटरमध्ये अशी सोय नसेल तर जुना लिनक्स कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पायही पुरतो. त्याला `192.168.10.2` असा कायमचा पत्ता द्या, सर्व्हरचा पत्ताही कायमचा बांधून टाका, आणि डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये एवढंच लिहा:

```
no-resolv
server=1.1.1.1
server=8.8.8.8
local=/erp.example.com/
address=/erp.example.com/192.168.10.20
```

पहिल्या तीन ओळींचा अर्थ, बाकी सगळ्या नावांसाठी बाहेर विचार. शेवटची ओळ आपल्या नावाचा आतला पत्ता सांगते. चौथी ओळ बरेच जण गाळतात, ती गाळू नका. आवृत्ती २.८६ पासून डीएनएसमास्क `address` च्या ओळीवर फक्त त्याच प्रकारच्या पत्त्याचं उत्तर देतो आणि इतर प्रश्न बाहेर पाठवतो. बाहेरच्या डीएनएसमध्ये त्या नावाला आयपीव्ही६ पत्ताही असेल, तर कॉम्प्युटरला आतला आयपीव्ही४ आणि बाहेरचा आयपीव्ही६ असे दोन्ही मिळतात, आणि तो बहुधा आधी आयपीव्ही६ वापरून बघतो. मग कधी उघडतं, कधी उघडत नाही, असा माणसाला वेड लावणारा प्रकार सुरू होतो. `local` ची ओळ या नावाचा एकही प्रश्न बाहेर जाऊ देत नाही.

इथे फक्त एका नावाचं उत्तर बदललं आहे, आख्ख्या `example.com` चं नाही, हेही ध्यानात घ्या. विंडोज सर्व्हरवर डीएनएस चालवणारी मंडळी हमखास `example.com` नावाचा आख्खा झोन आत तयार करतात. त्या क्षणापासून तो सर्व्हर त्या नावाखालच्या सगळ्याचा मालक होतो, आणि जे त्याच्याकडे लिहिलेलं नाही ते अस्तित्वातच नाही असं सांगतो. आतून कंपनीची वेबसाइट बंद, वेबमेल बंद, आणि कारण लवकर सुचत नाही. झोन करायचाच तर `erp.example.com` याच पूर्ण नावाचा करा आणि त्यात एकच नोंद ठेवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर एवढं पुरतं:

```
Add-DnsServerPrimaryZone -Name "erp.example.com" -ReplicationScope "Domain"
Add-DnsServerResourceRecordA -ZoneName "erp.example.com" -Name "@" -IPv4Address "192.168.10.20"
```

यानंतर डीएचसीपीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरांना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, डीएनएस म्हणून `192.168.10.2` द्या; डीएनएस विंडोज सर्व्हरवर असेल तर इथे आणि पुढेही त्या सर्व्हरचा पत्ता धरा. तिथे दुसरी रिकामी चौकट दिसते, आणि आपलं मशिन बंद पडलं तर असावं म्हणून लोक त्यात `8.8.8.8` भरतात. कृपा करून भरू नका. कॉम्प्युटर दुसऱ्या पत्त्याला निव्वळ राखीव समजत नाहीत. पहिल्याला जरा उशीर झाला की दुसऱ्याला विचारतात, आणि काही तर तिथेच रमतात. गूगलच्या डीएनएसला तुमचा आतला पत्ता ठाऊक असणं शक्य नाही, त्यामुळे सोमवारी चालणारं मंगळवारी बंद पडतं. राखीव हवाच, कारण आपलं मशिन बंद पडलं तर ऑफिसला इंटरनेटच गेल्यासारखं वाटेल. पण तो दुसराही आपलाच असू द्या, त्याच पाच ओळी लिहिलेला. आणि पाहुण्यांच्या वायफायला हा डीएनएस देऊ नका. त्यांना बाहेरचाच पुरे.

आता तपासणी. कुठल्याही विंडोज मशिनवर काळी खिडकी उघडून हे टाइप करा:

```
ipconfig /flushdns
nslookup erp.example.com
```

उत्तराच्या वरच्या भागात उत्तर देणाऱ्याचा पत्ता येतो. तिथे `192.168.10.2` दिसायला हवं. त्याऐवजी `fe80` नं सुरू होणारं काही दिसलं, तर तुमचा राऊटर आयपीव्ही६ वरून स्वतःलाच डीएनएस म्हणून पुढे करतो आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करावं लागेल, नाहीतर डीएचसीपीत काहीही लिहा, काही मशिन ऐकणार नाहीत. खालच्या भागात `192.168.10.20` आलं आणि तरी ब्राउझरमध्ये साइट उघडत नसेल, तर `ping erp.example.com` करून बघा. `nslookup` hosts फाइलकडे बघत नाही, `ping` बघतो. दोघांची उत्तरं वेगळी आली तर मागे कधीतरी कुणी hosts मध्ये लिहिलेली ओळ अजून तिथेच आहे. ती पुसून टाका.

दोन्ही उत्तरं बरोबर असून एकाच ब्राउझरमध्ये अडत असेल, तर त्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' तपासा. तिथे एखादी बाहेरची सेवा निवडलेली असेल तर तो ब्राउझर ऑफिसच्या डीएनएसला विचारतच नाही. अँड्रॉइडवर 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये कुणी स्वतःहून सेवेचं नाव टाकलं असेल तरी तसंच होतं. तिथे 'ऑटोमॅटिक' असेल तर काळजी नाही.

पत्ता बरोबर, ब्राउझर बरोबर, तरीही साइट उघडत नाही असंही होतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पोर्टमध्ये सापडतं. बाहेरून आलेली मागणी राऊटर ४४३ वर घेतो आणि आत सर्व्हरच्या ८४४३ वर देतो, अशी जोडणी कुणीतरी पूर्वी केलेली असते. डीएनएस फक्त पत्ता सांगतो, पोर्ट सांगत नाही. आता कर्मचारी राऊटरला वगळून थेट सर्व्हरच्या ४४३ वर पोचतात आणि तिथे ऐकायला कुणी नसतं. अशा वेळी डीएनएसशी खेळू नका. सर्व्हरवरचा प्रोग्रॅमच ४४३ वर ऐकेल अशी सोय करून घ्या. आतमध्ये फायरवॉलनं ४४३ अडवलेला नाही ना, तेही त्याच वेळी बघा.

शेवटची तपासणी ऑफिसबाहेरची. एक लॅपटॉप वायफायवरून सोडवून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तेच नाव उघडा. डीएनएसमास्क अशा उत्तरांना शून्य सेकंदांची मुदत देतो, म्हणजे कॉम्प्युटरनं ते लक्षात ठेवू नये असं सांगतो, त्यामुळे बदल सहसा लगेच होतो. विंडोजच्या डीएनएसमध्ये ही मुदत न बदलल्यास एक तास असते, म्हणून संध्याकाळी घरी गेलेला माणूस तासभर आतल्याच पत्त्यावर धडकत राहू शकतो. त्या एका नोंदीची मुदत पाच मिनिटांवर आणा. सर्व्हरचा आतला पत्ता कधी बदलला तर बदल आता दोन ठिकाणी करावा लागेल, राऊटरच्या पोर्ट जोडणीत आणि या डीएनएसमध्ये. ही दोन्ही ठिकाणं आणि त्यांचे पासवर्ड कुणाकडे आहेत, हे ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आजच लिहून ठेवा, कारण हे सगळं बसवणारा माणूस उद्या दुसरीकडे नोकरीला गेलेला असू शकतो.